नागपुरात फ्लॅटचा सौदा ४२ लाखांचा, खिशातून जाणार किती? रजिस्ट्रीच्या वरच्या खर्चाचा हिशेब

फ्लॅटचा सौदा तोंडी ठरतो तेव्हा एकच आकडा ठरतो. "बेचाळीसला फायनल" म्हटले की दोन्हीकडची मंडळी मोकळी होतात. वरचा खर्च, म्हणजे मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि दलाली, याबद्दल "रजिस्ट्रीचे तीनेक लाख धरून ठेवा" एवढेच कोणीतरी सांगते. मग रजिस्ट्रीच्या आठवड्यात खरा आकडा कळतो आणि नातेवाइकांना फोन सुरू होतात. हा खर्च एक-एक पायरीने आधीच काढता येतो. त्यासाठी शहरातल्या एका जुन्या, म्हणजे रिसेलच्या, फ्लॅटचा हिशेब आपण शेवटपर्यंत करू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, रीत मात्र प्रत्यक्षातलीच आहे.

उदाहरण असे. नवरा-बायको दोघे नोकरीत. नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीतला, दहा-बारा वर्षे जुन्या इमारतीतला टू बीएचके त्यांनी मालकाकडून दलालामार्फत ४२ लाखांना ठरवला. बँक ८० टक्के कर्ज देणार. त्यांनी स्वतःचे ८ लाख ४० हजार बाजूला काढले आणि तयारी झाली असे समजले.

आधी हे पैसे कुठून येणार ते पाहा

गृहकर्ज मंजूर करताना बँक घराची किंमत धरते ती करारातली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरता येत नाही. फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना यातून सूट आहे. म्हणजे ४२ लाखांच्या ८० टक्के, ३३ लाख ६० हजार, एवढेच कर्ज मिळणार. वरचा सगळा खर्च घरच्या पैशातून जाणार, आणि तोही रजिस्ट्रीच्या आधी एकरकमी. किमतीचे हप्ते पाडता येतात, मालक आठ दिवस थांबू शकतो. शुल्काचे चलान पूर्ण भरल्याशिवाय दस्त मात्र पुढे सरकत नाही. म्हणून फ्लॅट पसंत पडला की इसाराचे पैसे देण्याआधीच हा हिशेब करायला घ्यायचा. इसार दिल्यावर आकडा कळला तर मागे फिरणे महाग पडते.

पहिली पायरी: शुल्क कोणत्या रकमेवर लागते?

बहुतेक जण इथेच चुकतात. मुद्रांक शुल्क तुमच्या सौद्याच्या किमतीवर लागेलच असे नाही. सौद्याची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जी रक्कम जास्त, तिच्यावर ते लागते. सरकारी बाजारमूल्य वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यावरून काढतात. याच तक्त्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, आणि त्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते.

हा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. जिल्हा नागपूर निवडायचा, मग तालुका, मग मौजा. लेआउटचे किंवा नगराचे बोलीतले नाव इथे उपयोगी पडत नाही. आपण पत्ता सांगतो तो नगर, चौक आणि जवळच्या शाळेवरून, तक्ता मात्र मौजा आणि त्यातल्या विभागांवर चालतो. म्हणून आधी मालकाकडून त्याच्या विक्रीपत्राची किंवा सूची क्रमांक २ ची, म्हणजे नोंदणीच्या वेळी मिळालेल्या दस्ताच्या सारांशाची, झेरॉक्स मागून घ्या. मौजा, खसरा क्रमांक, शहर भूमापन क्रमांक आणि फ्लॅटचे क्षेत्रफळ, चारही गोष्टी एकाच कागदावर सापडतात. ही झेरॉक्स द्यायला मालक किंवा दलाल टाळाटाळ करत असेल, तर पैसे देण्याआधी त्याचे कारण विचारा.

तक्त्यात निवासी सदनिकेचा दर चौरस मीटरला दिलेला असतो आणि तो बांधीव क्षेत्रफळाला लावतात. बाजारात मात्र बोलले जाते ते सुपर बिल्टअपच्या चौरस फुटांत, ज्यात जिना, लॉबी आणि लिफ्टची जागासुद्धा वाटून घातलेली असते. दलालाच्या तोंडचे अकराशे स्क्वेअर फूट धरून हिशेब केला तर आकडा फुगतो आणि उगाच घाबरायला होते. जुन्या विक्रीपत्रात जे बांधीव किंवा चटई क्षेत्रफळ लिहिले आहे तेच धरा. ते फुटांत असेल तर १०.७६४ ने भागले की चौरस मीटर मिळतात. दस्तात फक्त चटई क्षेत्र असेल, तर त्याला ठरलेल्या पटीने वाढवून बांधीव क्षेत्र काढतात.

आणखी तीन गोष्टींनी मूल्य खाली-वर होते. इमारत जुनी असेल तर वयाप्रमाणे घसारा मिळतो. लिफ्ट असलेल्या इमारतीत वरच्या मजल्यांना दर चढतो आणि लिफ्ट नसेल तर उतरतो. दस्तात पार्किंग लिहिले असेल तर त्याचेही मूल्य वेगळे धरले जाते. जुन्या इमारतीचा घसारा लावून घेतला आहे ना, हे दस्त करणाऱ्याला आवर्जून विचारा. इमारतीच्या वयाचा पुरावा, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र किंवा जुनी घरटॅक्सची पावती, जोडली नाही तर सवलत सुटू शकते.

आपल्या उदाहरणात सगळे धरून दर ५५,००० रुपये चौरस मीटर आणि बांधीव क्षेत्र ८० चौरस मीटर निघाले असे समजू. बाजारमूल्य झाले ४४ लाख. सौदा ४२ चा असला तरी शुल्क ४४ वर लागणार.

सरकारी मूल्य सौद्यापेक्षा जास्त निघाले तर आणखी एक गोष्ट तपासायची. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल आणि रक्कम ५० हजारांच्या वर असेल, तर तो फरक आयकर कायद्यानुसार घेणाऱ्याचे उत्पन्न धरला जातो. इथे फरक २ लाखांचा, म्हणजे ५ टक्क्यांच्या आतच आहे. त्यामुळे काळजी नाही. पण हाच फ्लॅट मालकाच्या अडचणीमुळे ३८ लाखांना मिळाला असता, तर फरक ६ लाखांचा झाला असता आणि स्वस्त सौद्याच्या मागोमाग आयकराची नोटीस आली असती. सरकारी मूल्य खरोखरच अवाजवी वाटत असेल, तर दस्त नोंदवण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करता येतो. ते शुल्क ठरवून देतात. त्यात वेळ जातो, म्हणून रजिस्ट्रीची तारीख डोक्यावर असताना हा मार्ग धरू नका.

दुसरी पायरी: टक्का किती?

महानगरपालिका हद्दीत मूळ मुद्रांक शुल्क ५ टक्के आहे. त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार, आणि मेट्रोसाठीचा १ टक्का अधिभार, जो १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाला. असे मिळून ७ टक्के होतात. नागपुरात आणखी एक ओळ पाहून घ्यावी लागते. नागपूर सुधार प्रन्यासाच्या १९३६ च्या कायद्यात हस्तांतरणावर वेगळ्या अधिभाराची तरतूद आहे, आणि शहरातल्या दस्तांत तो अर्ध्या टक्क्याने धरला जातो. म्हणून दस्त करून देणाऱ्याला तोंडी आकडा न विचारता मूल्यांकन अहवाल आणि शुल्काची फोड कागदावर मागा. त्यात एकेक अधिभार वेगळा दिसतो. आपल्या उदाहरणात हा अर्धा टक्का म्हणजे २२,००० रुपये. तुमच्या जागेला तो लागतो का, हे फोड पाहूनच ठरवायचे.

हद्दीचाही फरक पडतो. बेसा, बेलतरोडीच्या पट्ट्यात महापालिकेची हद्द कुठे संपते ते रस्त्यावरून चालताना कळत नाही, शुल्कात मात्र ते दिसते. नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत असेल तर मूळ दर ५ टक्क्यांपेक्षा कमी असतो. फ्लॅटला घरटॅक्सची पावती कोणाची येते ते पाहिले की उत्तर मिळते.

म्हणजे ४४ लाखांवर ७ टक्के, ३ लाख ८ हजार. सौद्याच्या ४२ लाखांवर काढले असते तर २ लाख ९४ हजार आले असते. "तीनेक लाख" हा अंदाज इथपर्यंत ठीक वाटतो, पण अजून नोंदणी फी आणि दलाली यायची आहे.

बाईच्या नावाने घेतल्यास

१ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात निवासी घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आधी १५ वर्षे ते घर पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये काढली गेली. आपल्या उदाहरणात सवलत होते ४४,००० रुपये.

यातला "फक्त" हा शब्द महत्त्वाचा आहे. नवऱ्याचे नाव सहखरेदीदार म्हणून आले की सवलत गेली, मग बायकोचे नाव पहिले असो की दुसरे. आणि ४४ हजारांसाठी नाव ठरवण्याआधी एक हिशेब करा. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्याला गृहकर्जाच्या व्याजाची वजावट मिळते ती घराचा मालक असेल तरच. हप्ता नवरा भरणार आणि मालकी एकट्या बायकोची, असे असेल तर त्याची वजावट जाते. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर २ लाखांच्या व्याजावर दरवर्षी साठ हजारांहून जास्त कर वाचतो, म्हणजे एकाच वर्षात सवलतीपेक्षा जास्त रक्कम हातची गेली. उलट कमावणारी आणि हप्ता भरणारी बायकोच असेल, किंवा दोघेही नव्या करप्रणालीत असतील, तर एकटीच्या नावाने घेणे सरळ फायद्याचे आहे. कर्जात नवरा सहकर्जदार असला तरी त्याने मालक असलेच पाहिजे असा कायदा नाही. मात्र काही बँकांचा स्वतःचा नियम वेगळा असतो, म्हणून कर्जाचा अर्ज करतानाच विचारून घ्या. मंजुरीपत्र एका नावांचे आणि दस्त दुसऱ्या नावांचा झाला, की कर्जाचा चेक अडकतो.

आपल्या उदाहरणातल्या दोघांनी जुन्या करप्रणालीमुळे दोघांच्या नावाने घेतला. शुल्क ३ लाख ८ हजारच राहिले.

तिसरी पायरी: नोंदणी फी

ही सोपी आहे. रकमेच्या १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. ४४ लाखांचा १ टक्का ४४ हजार होतो, तरी भरायचे ३० हजारच. कोणी "रजिस्ट्रेशन एक टक्का, चव्वेचाळीस हजार" म्हणाले, तर वरचे चौदा हजार शासनाच्या खात्यात जात नाहीत एवढे समजून घ्या. याशिवाय दस्त हाताळणी शुल्क पानांच्या संख्येवर लागते. ते किरकोळ असते. दस्त लिहिणाऱ्या वकिलाची किंवा दस्तलेखकाची फी मात्र आधी ठरवून घ्यावी. उदाहरणात दोन्ही मिळून १२,००० धरू.

चौथी पायरी: दलाली

मुद्रांक शुल्क कायद्याने ठरलेले आहे, दलालीचा टक्का मात्र कोणत्याही कायद्यात नाही. तो तुम्ही आणि दलाल ठरवता. नागपुरात रिसेलला दोन्हीकडून एक-एक टक्का ही रीत सर्रास दिसते. काही जण घेणाऱ्याकडून दोन मागतात. म्हणून फ्लॅट दाखवायला घेऊन जाण्याआधीच बोलणे व्हायला हवे. फ्लॅट पसंत पडल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही.

हे बोलणे साधारण असे होते.

"भाऊ, दलालीचं कसं राहील?"

"साहेब, आपलं तर फिक्स आहे, दोन परसेंट. तुम्हाला फ्लॅट आवडू द्या, मग पाहून घेऊ."

"नाही भाऊ, आत्ताच सांगा. एक टक्का, सौद्याच्या रकमेवर. जीएसटी त्यातच धरायचा की वेगळा?"

"बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा लागंल."

"बिल पाहिजेच. अर्धे इसाराचा करार झाला की, अर्धे रजिस्ट्रीच्या दिवशी. मी आत्ताच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवतो, तुम्ही फक्त होकार द्या."

एवढ्या बोलण्यात पुढचे सगळे वाद मिटतात. टक्का किती आणि कोणत्या रकमेवर हे पक्के होते, नाहीतर सरकारी मूल्य जास्त निघाले की दलाली त्यावर मागणारेही भेटतात. सौदा मोडला तर काय, हेही लिहून घ्या. भारतीय करार कायद्याच्या कलम २१९ प्रमाणे वेगळे ठरलेले नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय दलालाचा मेहनताना देय होत नाही. म्हणजे इसारावर पूर्ण दलाली मागणे रीतीला धरून नाही. मालकाच्या कागदांत खोट निघून सौदा फिसकटला, तर दिलेली अर्धी दलाली परत मिळेल असे एक वाक्य त्या निरोपात घाला.

नोंदणीकृत व्यावसायिकाच्या दलालीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्याचा जीएसटी क्रमांक नाही त्याला तो लावताच येत नाही. "जीएसटीसकट" म्हणून पैसे घेणाऱ्याकडून क्रमांक छापलेले बिल मागायचे. आपल्या उदाहरणात ४२ लाखांवर १ टक्का म्हणजे ४२,०००, त्यावर जीएसटी ७,५६०, एकूण ४९,५६०. दोन टक्क्यांनी हीच रक्कम ९९,१२० झाली असती. वरच्या साऱ्या खर्चात बोलून कमी होऊ शकणारी मोठी रक्कम तेवढी हीच.

दोन दलाल मध्ये असतील, एकाने मालक आणला आणि दुसऱ्याने तुम्हाला, तर तुमच्या बाजूची दलाली एकदाच द्यायची. ती त्यांनी आपसात वाटून घ्यावी. दुसरा रजिस्ट्रीच्या दिवशी कार्यालयाच्या दारात उभा राहून "माझं काय?" विचारतो, तेव्हा तो व्हॉट्सअॅपचा निरोप कामी येतो.

आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. किंमत पक्की करण्याआधी मालकाला समोरासमोर भेटा आणि त्याच्या तोंडून आकडा ऐका. मालकाला ४१ सांगायचे, घेणाऱ्याला ४२, आणि मधला लाख ठेवून वर दोन्हीकडची दलाली घ्यायची, असे प्रकार होतात. "मालकाला वेळ नाही, सगळं मीच पाहतो" हे वाक्य दोनदा ऐकले की सावध व्हा. मालकाच्या नकळत त्या व्यवहारात स्वतःचा फायदा काढण्याचा दलालाला कायद्याने अधिकार नाही.

नवीन प्रकल्पात गोष्ट वेगळी असते. तिथे दलाली बहुतेक वेळा बिल्डरच देतो, त्यामुळे घेणाऱ्याकडे मागितली तर कशासाठी ते विचारावे. शिवाय नवीन प्रकल्पातले घर विकणाऱ्या एजंटकडे महारेराची नोंदणी असावी लागते. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटीही लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या किंवा रिसेलच्या फ्लॅटवर लागत नाही.

बेरीज

मुद्रांक शुल्क ३,०८,०००. नोंदणी फी ३०,०००. दलाली जीएसटीसह ४९,५६०. वकील आणि दस्त हाताळणी १२,०००. एकूण ३,९९,५६०. म्हणजे ४२ लाखांवर साडेनऊ टक्के. त्या जोडप्याने ८ लाख ४० हजार बाजूला काढले होते, लागणार होते १२ लाख ३९ हजार ५६०. सुधार प्रन्यासाचा अर्धा टक्का लागला तर १२ लाख ६१ हजारांच्या वर. बँकेची प्रक्रिया फी, गहाणाच्या दस्तावरचे शुल्क आणि जुन्या मालकाचा थकलेला मेंटेनन्स यांत नाही. थकबाकी मालकानेच भरायची असते, पण अपार्टमेंटच्या पदाधिकाऱ्यांकडून ना-देय दाखला घेतल्याशिवाय रजिस्ट्रीला जाऊ नका.

किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून घेणाऱ्याने आयकर खात्यात भरायचा असतो. तो किमतीतूनच कापला जातो, वरचा खर्च नाही, पण न कापल्यास दंड घेणाऱ्यालाच पडतो.

पाचवी पायरी: पैसे भरायचे कसे

शुल्क शासनाच्या ग्रास प्रणालीत भरले जाते. gras.mahakosh.gov.in वर नोंदणी व मुद्रांक विभाग, जिल्हा नागपूर आणि दुय्यम निबंधक कार्यालय निवडून चलान तयार करायचे आणि नेटबँकिंगने भरायचे. हे तुम्ही स्वतः, तुमच्या खात्यातून करा. वकिलाला बाजूला बसवून केले तरी चालेल. "तुम्ही मला साडेतीन लाख द्या, मी सगळं भरतो" हा प्रस्ताव कितीही ओळखीच्या माणसाचा असला तरी नाकारा. त्या साडेतीन लाखांतले शासनाचे किती आणि त्याचे किती, ते नंतर कळत नाही.

भरल्यावर मिळणारे चलान नीट वाचा. वर एमटीआर नमुना क्रमांक ६ असे असते आणि जीआरएन नावाचा लांब क्रमांक. त्याखाली भरणाऱ्याचे नाव, पॅन, मालमत्तेचे वर्णन, आणि दोन वेगळ्या ओळी: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. आपल्या उदाहरणात पहिलीत ३,०८,००० आणि दुसरीत ३०,००० दिसायला हवेत. दुसऱ्या कोणी भरून कागद हातात दिला असेल, तर तो जीआरएन त्याच संकेतस्थळावर शोधून पाहा. नाव आणि रक्कम जुळली पाहिजे. नोंदणी होताना हे चलान डिफेस केले जाते, म्हणजे ते पुन्हा दुसऱ्या दस्ताला वापरता येत नाही.

दस्तावर सह्या होण्याआधी किंवा त्याच दिवशी शुल्क भरलेले असावे. फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करायचा असतो. मार्च महिन्यात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शुल्क सहीच्या तारखेच्या दराने ठरते. ३१ मार्चपर्यंत शुल्क भरून सह्या झाल्या, तर १ एप्रिलला रेडी रेकनर वाढला तरी चार महिन्यांत जुन्याच मूल्याने नोंदणी होते. शेवटच्या दिवशी कार्यालयासमोरच्या गर्दीत ताटकळायची गरज नाही.

नोंदणीआधी दस्ताची माहिती विभागाच्या संकेतस्थळावर भरून टोकन क्रमांक घेतला जातो. त्यात क्षेत्रफळ आणि नावांचे स्पेलिंग स्वतः वाचा, कारण तिथली चूक तशीच सूची क्रमांक २ मध्ये उतरते आणि नंतर चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो. नोंदणीला घेणारे, विकणारे आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार हजर लागतात. फोटो, अंगठा, सह्या झाल्या की स्कॅन झालेला दस्त, पावती आणि सूची क्रमांक २ घेऊनच निघा.

किंमत कमी दाखवण्याच्या सल्ल्याबद्दल

"दस्तात छत्तीस दाखवू, वरचे सहा रोख द्या, शुल्क वाचेल." हे तुम्हाला कोणीतरी म्हणणारच. आपल्या उदाहरणात हिशेब पाहा. शुल्क ४४ लाखांच्या सरकारी मूल्यावरच लागते, त्यामुळे दस्तात ३६ लिहिले तरी एक रुपयाही वाचत नाही. कर्ज मात्र ३६ च्या ८० टक्के मिळेल, म्हणजे पावणेपाच लाखांहून जास्त कमी. सरकारी मूल्यापेक्षा किंमत १० टक्क्यांहून खाली गेल्याने तो फरक तुमच्या उत्पन्नात धरला जाईल. आणि पुढे घर विकताना खरेदी किंमत ३६ च धरली जाऊन नफा मोठा दिसेल. यात फायदा विकणाऱ्याचा होतो. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात बंदी आहे. कमी शुल्क भरल्याचे नंतर उघड झाले, तर कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढतो.

पावत्या कशा जपायच्या

चलान, नोंदणीची पावती आणि दलालाचे बिल एकाच फाइलमध्ये ठेवा. जुन्या करप्रणालीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कलम ८०सी च्या दीड लाखाच्या मर्यादेत, ज्या वर्षी भरली त्याच वर्षी, दाखवता येते. घर विकाल तेव्हा खरेदीच्या किमतीत शुल्क, फी आणि दलाली मिळवता येते, म्हणजे नफा तेवढा कमी धरला जातो. रोख दिलेल्या, बिल नसलेल्या दलालीला हा फायदा नाही. म्हणून दलालाचे पैसे खात्यातूनच द्या.

चलान भरले आणि सौदाच मोडला तर

मालकाचे मन बदलले, बँकेने कागदांवर हरकत घेतली, असे होऊ शकते. दस्तावर सह्या झाल्या नसतील तर न वापरलेले शुल्क परत मिळते. त्यासाठी शुल्क भरल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे परताव्याचा अर्ज करायचा. अर्ज विभागाच्या संकेतस्थळावर नोंदवून कागद कार्यालयात दाखल करावे लागतात. थोडी रक्कम कापून बाकी खात्यात येते. नोंदणी फीच्या परताव्याचा अर्ज वेगळा करायचा असतो, तो बरेच जण विसरतात आणि तीस हजार तसेच राहतात. "पुढच्या फ्लॅटला वापरू" म्हणून चलान ठेवून दिले आणि सहा महिने उलटले, तर दोन्ही रकमा गेल्या. सौदा मोडल्याचे कळले त्याच आठवड्यात चलानाची प्रत आणि मालकाचा सौदा रद्द झाल्याचा लेखी कागद हाती घेऊन अर्ज टाकून द्या.